कोरड्या गल्लीत पाऊस पाडताना

पावसाळी सहलींची पत्रकं मे महिन्यात छापायला जातात. छत्र्या-रेनकोटांच्या जाहिराती त्याच सुमारास झळकायला लागतात आणि जूनच्या अंकाचं मुखपृष्ठ तर त्याआधीच ठरलेलं असतं. बाहेर मात्र ऊन रणरणत असतं. मागच्या वर्षीचा पावसाचा चांगला फोटो हाताशी असला तर प्रश्न मिटला, पण हवी ती गल्ली, हवा तो वाडा आणि हवा तो कोन पावसात टिपलेला असतोच असं नाही. मग कोरड्या फोटोत पाऊस पाडायचं काम कुणाच्या तरी संगणकावर येऊन पडतं.

ते काम बहुतेक वेळा कसं होतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. उन्हात काढलेल्या फोटोवर पांढऱ्या तिरक्या रेघांचा एक तयार थर चढवायचा आणि ‘पाऊस’ म्हणून मोकळं व्हायचं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण ‘हे वरून चिकटवलंय’ हे त्याला क्षणात कळतं. कळणारच. रेघांखाली रस्ता खडखडीत कोरडा असतो, विजेच्या खांबाची सावली काळीकुट्ट पडलेली असते आणि गल्लीच्या टोकाची इमारत जवळच्या स्कूटरइतकीच लख्ख दिसत असते. पाऊस म्हणजे रेघा हा समजच इथे नडतो. पावसाळी फोटोत रेघांचा वाटा सगळ्यात कमी असतो. आधी उजेड बदलतो, मग लांबच्या वस्तू पुसट होतात, मग जमीन बदलते. रेघा सगळ्यात शेवटी येतात, आणि नाही आल्या तरी फारसं बिघडत नाही.

उदाहरण म्हणून पुण्यातल्या पेठेतली एक गल्ली घेऊ. फेब्रुवारीतली सकाळ आहे, ऊन अजून घरांच्या माथ्यावरच आहे आणि गल्ली सावलीत आहे. जवळ चार मीटरवर एक स्कूटर उभी आहे. पंधरा मीटरवर जुन्या वाड्याची लाकडी गॅलरी रस्त्यावर आली आहे. तीस मीटरवर विजेचा खांब, साठ मीटरवर पिंपळ आणि त्याच्याही मागे, दीडशे मीटरवर, एक उंच इमारत. फोटो मोबाईलने उभा काढलेला आहे.

हा फोटो निवडण्याचं कारण म्हणजे सावली. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आकाशातून येतो, त्यामुळे सावल्यांना कडा नसतात. गल्ली आधीच सावलीत असेल तर तिला उजेड आकाशाकडूनच मिळत असतो, म्हणजे निम्मं काम निसर्गाने करून ठेवलेलं असतं. भर दुपारच्या फोटोतल्या धारदार सावल्या उजळवून घालवायला गेलं की तिथे राखाडी डाग उरतात, आणि उन्हात पांढऱ्या पडलेल्या भिंतीवरचा तपशील तर परत येतच नाही. असा फोटो हाती आला तर दुसरा मागावा, हे माझं स्पष्ट मत आहे. चार तास राबून जे मिळतं ते बहुधा वापरण्याजोगं नसतं.

काम सुरू करण्याआधी आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे फोटोतली माणसं आणि त्यांचे व्यवहार. आपल्या गल्लीत वाड्याच्या गॅलरीत दोरीवर दोन साड्या आणि एक टॉवेल वाळत घातलेले आहेत. भर पावसात एकही बाई ते तिथे राहू देणार नाही. ते कपडे आधी पुसून टाकावे लागतात. दारात वाळत टाकलेल्या मिरच्या, मोकळ्या केसांनी निवांत चालणारी मुलगी, टपरीबाहेर उघड्यावर मांडलेली वर्तमानपत्रं, ही सगळी पावसाविरुद्धची साक्ष आहे. स्कूटर चालेल, कारण ती पावसातही उभीच असते.

आता उजेड. वर घरांच्या मधून निळ्या आभाळाची पट्टी दिसते आहे, ती राखाडी करायची. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे आभाळ काळंभोर केलं जातं आणि खाली गल्ली तेवढीच उजळ राहते. खऱ्या पावसात आभाळ हाच उजेडाचा स्रोत असतो, म्हणून ते फोटोतल्या जवळजवळ सगळ्याच गोष्टींपेक्षा उजळ दिसतं. शून्य ते दोनशे पंचावन्न या मोजपट्टीवर ते २१५ ते २२५च्या आसपास, किंचित निळसर राखाडी ठेवावं. दुसरी चूक तारांची. विजेच्या तारा आणि पिंपळाची पानं यांच्या फटीत निळं आभाळ तसंच राहून जातं. हाताने निवडत बसण्यापेक्षा फोटोचा निळा चॅनल वेगळा काढावा. त्यात आभाळ सगळ्यात उजळ आणि पानं-तारा गडद दिसतात. त्याची प्रत घेऊन फरक आणखी ताणला की तोच आभाळाचा मुखवटा, म्हणजे मास्क, म्हणून वापरता येतो. बाकी चित्राचा काळा-पांढरा फरक थोडा कमी करायचा आणि रंग जरासे थंडाव्याकडे न्यायचे. हिरव्याला मात्र हात लावायचा नाही. धूळ धुतली गेल्यावर पानं उलट अधिक हिरवी दिसतात.

यापुढचा टप्पा अंतराचा आहे आणि धुकं नेमकं इथेच येतं. पाऊस आणि धुकं या फोटोच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच गोष्टीच्या कमी-जास्त मात्रा आहेत. हवेतले जलकण दोन कामं करतात. लांबच्या वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत गाळून टाकतात आणि आभाळाचा उजेड विखरून त्याच्या जागी भरतात. म्हणून लांबची वस्तू नुसती फिकी होत नाही, तर आभाळाच्या रंगाकडे सरकते. जर्मनीतले हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये याचं गणित मांडलं आणि आजही दृश्यमानता त्याच पायावर मोजली जाते. गणिताचा गाभा सोपा आहे. प्रत्येक ठरावीक अंतराला उरलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा कमी होतो. पहिल्या शंभर मीटरमध्ये तिसरा हिस्सा गेला, तर पुढच्या शंभर मीटरमध्ये जे उरलंय त्याचा तिसरा हिस्सा जातो.

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली आली की त्याला धुकं म्हणतात. आपल्या गल्लीत जोरदार सर कोसळते आहे आणि एक किलोमीटरपर्यंतचंच दिसतंय असं धरू. त्या हिशेबाने स्कूटरवर धूसरपणा जेमतेम दीड टक्का येईल, म्हणजे नाहीच. विजेच्या खांबावर अकरा टक्के, पिंपळावर एकवीस आणि मागच्या इमारतीवर चव्वेचाळीस टक्के. तीच गल्ली दाट धुक्यात हवी असेल, दोनशे मीटरच्या पलीकडे काहीच दिसू नये अशी, तर खांबावर चव्वेचाळीस, पिंपळावर जवळजवळ सत्तर आणि इमारतीवर पंचाण्णव टक्के. इमारत मग आहे की नाही इतपतच उरते.

हे आकडे थराच्या अपारदर्शकतेसाठी थेट वापरता येतात. आभाळाचाच राखाडी रंग भरलेला एक थर घ्यायचा, त्याच्या मुखवट्यावर इमारत, पिंपळ, खांब, वाडा असं मागून पुढे एकेक क्षेत्र त्या त्या टक्क्याने रंगवायचं. रस्त्यावर मात्र पायाशी शून्यापासून सुरू होऊन लांबवर वाढत जाणारी सलग उतरण द्यायची, कारण रस्ता एका अंतरावर नसतो. आणि जी वस्तू जिथे उभी आहे, तिथल्या जमिनीइतकंच धुकं तिच्यावर पायापासून माथ्यापर्यंत एकसारखं हवं. चुकतं ते बहुधा इथेच. वरून खाली एक उतरण ओढली की खांबाचा माथा धुक्यात आणि बुंधा लख्ख, असं होतं. खांब तर सगळाच्या सगळा तीस मीटरवरच उभा आहे!

धुक्याचा रंग शुभ्र पांढरा कधीच घेऊ नये. क्षितिजाजवळच्या आभाळाचा नमुना घ्यावा, नाहीतर इमारत धुक्यात जाण्याऐवजी खडूने पुसल्यासारखी दिसते. तसंच लांबच्या वस्तूंत ठार काळा रंग शिल्लक राहता कामा नये. पिंपळाच्या बुंध्यावर अजून काळा सापडला, तर मुखवटा नीट बसलेला नाही असं समजावं.

इथवर आलं की फोटो ढगाळ दिसायला लागतो, पण ओला नाही. ओलेपणा जमिनीत आहे आणि मला विचाराल तर सगळ्या कामातला निम्मा वेळ जमिनीला द्यावा.

ओली वस्तू गडद दिसते हे आपण रोज बघतो, पण का, हे क्वचितच विचारतो. स्वीडिश शास्त्रज्ञ आंडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये त्याचं एक स्पष्टीकरण दिलं. कोरड्या मातीवर पडलेला प्रकाश विखरून वर निघून जातो. तिच्यावर पाण्याचा पातळ थर असला की वर निघालेल्या प्रकाशातला बराचसा भाग त्या थराच्या आतल्या बाजूवर आपटून पुन्हा खाली येतो आणि शोषला जाण्याची त्याला आणखी एक संधी मिळते. शिवाय खडबडीत पृष्ठभागाच्या छिद्रांत पाणी भरलं की प्रकाश आणखी आत घुसतो. त्यातून एक साधा नियम निघतो. जे पाणी पितं ते गडद होतं. डांबर, माती, विटा, चुन्याची भिंत, लाकूड, झाडाचा बुंधा आणि सुती कापड गडद होतात. स्कूटरचा पत्रा, काच, चिनी मातीच्या फरशा आणि तैलरंग दिलेली दारं गडद होत नाहीत, नुसती चमकतात. तयार ‘ओला परिणाम’ देणाऱ्या बटणांना हा फरक कळत नाही आणि ती सगळंच सारखं काळवंडवतात.

किती गडद करायचं? डांबर किंवा मातीचा परावर्तित प्रकाश ढोबळमानाने निम्म्यावर येतो असं धरायला हरकत नाही. पण प्रकाश निम्मा झाला म्हणून पडद्यावरचा आकडा निम्मा होत नाही, कारण फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. कोरड्या रस्त्याचा राखाडी १५० असेल तर तो ओला झाल्यावर ११०च्या आसपास येतो, ७५ वर नाही. ७५ केला की तो ताजं डांबर ओतल्यासारखा दिसतो. Curves मध्ये १५०चा बिंदू पकडून ११०वर ओढावा आणि ते फक्त रस्त्याच्या मुखवट्यापुरतं लागू करावं. मुखवटा कापताना कोरड्या जागा सोडायच्या. गॅलरीच्या बरोब्बर खाली एक कोरडी पट्टी राहते आणि स्कूटरखाली थोडी जागा. या कोरड्या जागा ओल्या रस्त्याइतक्याच बोलतात. भिंतीचा खालचा वीतभर भाग मात्र उडालेल्या पाण्याने भिजतो, तिथे ओल खालून वर चढत विरत जाते.

गडद केलेल्या रस्त्यावर आता प्रतिबिंब आणायचं. पाणी सरळ वरून पाहिलं तर जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं आणि नजर जसजशी आडवी होते तसतसं ते आरसा होत जातं. दीड मीटर उंचीवर मोबाईल धरला आहे असं समजा. तीन मीटरवरच्या पाण्यातून सात-आठ टक्के प्रतिबिंब येतं, पंधरा मीटरवरच्या सपाट पाण्यातून निम्म्याच्या वर. डांबर खडबडीत असतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे याहून कमी भरतात, पण क्रम तोच राहतो. बनावट फोटोंत नेमकं उलटं दिसतं. पायाशी झळाळतं प्रतिबिंब आणि लांब रस्ता मंद. खऱ्या ओल्या गल्लीत पायाशी रस्ता काळसर असतो आणि लांब तो चांदीसारखा चमकतो. कारण तिथे प्रतिबिंब पडतं ते मुख्यतः घरांच्या मधून दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीचं. हा पुढून मागे काळ्याकडून चंदेरीकडे जाणारा रस्ता नीट साधला की पाऊस निम्मा पडला.

प्रतिबिंब करण्याची रीत म्हणजे चित्राची प्रत घेऊन ती उभी उलटवायची. सगळं चित्र एकदम उलटवून भागत नाही. प्रत्येक वस्तू जमिनीला जिथे टेकते तिथून तिचं प्रतिबिंब सुरू होतं. स्कूटरचं तिच्या चाकांपासून, खांबाचं त्याच्या बुंध्यापासून. म्हणून मोठ्या वस्तू वेगवेगळ्या कापून वेगवेगळ्या उलटवाव्या लागतात. आणखी एक अडचण म्हणजे पाण्यात दिसणारं दृश्य जमिनीखालून वर बघितल्यासारखं असतं. त्यात गॅलरीच्या खालची बाजू, तिच्या तुळया जास्त दिसतात, ज्या मूळ फोटोत आलेल्याच नसतात. लांबच्या पिंपळाबाबत हा फरक नगण्य असतो, जवळच्या गॅलरीबाबत खटकतो. तिथे प्रतिबिंब इतकं पुसट आणि विस्कटलेलं ठेवावं की तपशील वाचताच येऊ नये. तसंही पाऊस चालू असताना पाणी स्थिर नसतं. Motion Blur हा फिल्टर उभ्या दिशेने, म्हणजे कोन ९० ठेवून, लावला की प्रतिबिंब ओघळल्यासारखं लांबतं. आरशासारखं स्वच्छ प्रतिबिंब फक्त पाऊस थांबल्यावरच्या डबक्यात दिसतं. धो धो सर आणि आरसा हे दोन्ही एका फोटोत असतील तर त्यातलं एक खोटं आहे.

डबकी कुठे असावीत हेही गल्लीलाच विचारावं. पाणी कडेच्या गटारीशी, बसलेल्या फरशीवर, खड्ड्यात साचतं, उंचवट्यावर नाही. मूळ फोटोत धुळीच्या रेषा, डाग दिसत असतात, त्यावरून उतार कळतो.

राहता राहिल्या रेघा. इथे खऱ्या पावसाचं एक गंमतशीर सत्य आड येतं. खऱ्या पावसाच्या फोटोत पाऊस फारसा दिसतच नाही. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. कॅमेऱ्याचा पडदा एक साठांश सेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात थेंब अकरा सेंटिमीटर खाली येतो आणि त्याची रेघ होते. पण त्या रेघेवरच्या कुठल्याही एका ठिकाणी तो थेंब एकूण वेळेच्या फक्त दोन टक्के काळ असतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के मागचं दृश्यच टिपलं जातं. साहजिकच रेघ अगदी पुसट उमटते.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात क्षितिज गर्ग आणि श्री नायर यांनी २००४ पासून पुढची काही वर्षं पावसाच्या रेघांचा बारकाईने अभ्यास केला. पडता थेंब हा एक फार रुंद भिंग असतो, सुमारे १६५ अंशांचं दृश्य तो आपल्या आत गोळा करतो आणि त्यात आभाळाचा वाटा मोठा असतो. म्हणून थेंब साधारणपणे मागच्या दृश्यापेक्षा उजळ दिसतो. याचाच दुसरा अर्थ असा की मागे आभाळच असेल तर थेंब दिसायला काही कारणच उरत नाही. रेघा दिसतात त्या गडद दारापुढे, पिंपळाच्या बुंध्यापुढे, गॅलरीच्या सावलीत.

हे चित्रपटवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. पाऊस दिसावा म्हणून ते त्याच्यामागून दिवा मारतात. अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’मध्ये (१९५०) भग्न वेशीवर कोसळणारा पाऊस फिक्या आभाळापुढे दिसेना, तेव्हा पाण्यात चक्क काळी शाई मिसळली गेली. आपल्याकडे शाई नाही, पण उपाय साधा आहे. रेघांचा थर आभाळावरून पुसून टाकायचा.

रेघा तयार करायची रीत जुनीच आहे आणि पैसे मोजून घेतलेल्या फोटोशॉपमध्ये किंवा फुकटच्या गिम्पमध्ये, दोन्हीकडे चालते. चित्रापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठा काळा थर घ्यायचा, कारण Motion Blur थराच्या कडांशी रेघा विचित्र ताणतो आणि ती कड नंतर कापून टाकावी लागते. Add Noise ने त्यात एकरंगी ठिपके पेरायचे, Levels ने त्यातले बहुतेक विझवून मोजकेच उजळ ठेवायचे. गिम्पमध्ये ठिपक्यांसाठी RGB Noise आणि लांबवण्यासाठी Linear Motion Blur आहे. मग ठिपके लांबवायचे, मंद झाल्यावर Levels ने पुन्हा उजळायचे आणि थराची पद्धत Screen ठेवायची, म्हणजे काळा भाग गायब होऊन फक्त उजळ रेघा उरतात.

कोन वाऱ्यावरून ठरतो. साडेसहा मीटर वेगाने पडणाऱ्या थेंबाला दोन मीटर वेगाचा वारा सतरा अंश तिरका करतो, म्हणजे Motion Blur चा कोन ९० ऐवजी ७३ किंवा १०७. दाट घरांच्या गल्लीत एवढा पुरे. चाळीस-पंचेचाळीस अंशांचा पाऊस मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर शोभतो. आणि पिंपळाची पानं स्तब्ध असतील तर सतरा अंशही जास्तच होतात.

लांबी मात्र प्रत्येक अंतराला वेगळी हवी, आणि एकाच थरातल्या सारख्या रेघा खोट्या वाटतात त्या याचमुळे. आपला फोटो चार हजार ठिपके उंचीचा आहे. मोबाईलच्या नेहमीच्या रुंद भिंगातून तीन मीटरवर साधारण साडेचार मीटर उंचीचं दृश्य मावतं. तिथली अकरा सेंटिमीटरची रेघ शंभरेक ठिपक्यांची होते, बारा मीटरवर पंचवीस ठिपक्यांची, तीस मीटरवर दहाची. म्हणून तीन थर करायचे. लांबचा थर दाट, आखूड आणि अतिशय फिका, मधला त्याहून विरळ, जवळचा अगदी मोजक्या रेघांचा. लांबच्या थरावर स्कूटर आणि वाडा यांचा आकार कापून काढायचा, कारण त्यांच्या पुढ्यात तो पाऊस नाहीच. जाडीचा मोह टाळावा. तीन मीटरवरचा दोन मिलिमीटरचा थेंब दोन ठिपक्यांपेक्षाही बारीक असतो. हिशेबाने अपारदर्शकता दोन टक्के यायला हवी, पण छापील चित्रात ती कुणाला दिसणार? दहा ते वीस टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. एवढी अतिशयोक्ती डोळा मान्य करतो, कारण जपानी चित्रकार हिरोशिगेपासून सिनेमापर्यंत सगळ्यांनी त्याला ती सवय लावली आहे. हिरोशिगेच्या १८५७ मधल्या शिन-ओहाशी पुलावरच्या सरीच्या चित्रात पाऊस काळ्या बारीक रेघांचा आहे. पण त्याने पलीकडचा काठ नुसत्या राखाडी आकारात ठेवला आणि पुलावरची माणसं वाकून पळणारी काढली, हे रेघांइतकंच मोलाचं आहे.

बर्फाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझा सल्ला बहुधा नकाराचाच असतो. बर्फाचे भुरभुरणारे कण सेकंदाला मीटरभर वेगाने उतरतात, त्यामुळे एक साठांश सेकंदात ते दोन सेंटिमीटरही सरकत नाहीत आणि रेघ न होता ठिपकाच राहतो. पावसासारखे लांबवलेले बर्फकण ही पहिली ठेच. दुसरं म्हणजे कण गडद भिंतीपुढे पांढरे दिसतात, पण उजळ आभाळापुढे करडे. खरी अडचण मात्र साचलेल्या बर्फाची आहे. प्रत्येक आडव्या पृष्ठभागावर, प्रत्येक फांदीच्या वरच्या अंगाला तो थर चढवावा लागतो आणि जमीन पांढरी झाली की तिथून उजेड वर उसळतो. माणसाच्या हनुवटीखालची, गॅलरीच्या तळाची सावली त्याने उजळते. हे सगळं हाताने रंगवण्यापेक्षा मनालीला जाऊन येणं सोपं पडतं. नुकत्याच सुरू झालेल्या, अजून न साचलेल्या बर्फवृष्टीचा फोटो तेवढा जमतो.

हे सगळं जाहिरात, मुखपृष्ठ, कथाचित्र यांच्यापुरतं. बातमीच्या फोटोत यातलं काहीही चालत नाही. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धांच्या नियमांत चित्रात काही घालणं किंवा काढणं स्पष्ट निषिद्ध आहे. पावसाळ्यात मोबाईलवर फिरणारी तुंबलेल्या रस्त्यांची चित्रं पारखायची असतील तर वरच्याच खुणा उलट्या वापराव्यात. वस्तूंची प्रतिबिंबं त्यांच्या पायापासून सुरू होतात का, लांबचं पुसट आहे का, छपराखाली कोरडं उरलंय का, आणि आभाळापुढेही रेघा तेवढ्याच ठळक आहेत का, ते बघावं.

आपलं चित्र जमलं की नाही हे बघायला रेघांचे तिन्ही थर बंद करावेत. तरीही गल्ली पावसाळी वाटली तर काम झालं. नाही वाटली तर रेघा वाढवून उपयोग नाही, पुन्हा रस्त्याकडे आणि अंतराकडे जावं. मग चित्र ज्या आकारात छापलं जाणार आहे त्याच आकारात आणून रेघा तपासाव्यात. चार हजार ठिपक्यांचं चित्र बाराशे ठिपक्यांवर आलं की लांबच्या थरातल्या दहा ठिपक्यांच्या रेघा तिनाच्या होतात आणि दाणेदार धुळीसारख्या दिसतात. म्हणून लहान आकारासाठी तो थर सरळ काढून टाकावा आणि त्या जागी धूसरपणा दोन-चार टक्क्यांनी वाढवावा. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलं तर चित्र आणखी दाबलं जातं आणि बारीक रेघांच्या जागी चौकोनी डाग उमटतात. छापखान्याला ते डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावं.